सकाळी पुसट रेष, संध्याकाळी कोरी पट्टी

डॉक्टर, माझी पाळी कधी 28 दिवसांनी येते, तर कधी 33-34 दिवसांनी. या वेळी 30व्या दिवशी संध्याकाळी घरी टेस्ट केली, एकच रेष आली. पट्टी कचऱ्यात टाकली. दुसऱ्या दिवशी सहज पाहिलं तर तिच्यावर दुसरी, राखाडी रेष होती. मग 34व्या दिवशी सकाळी नवी पट्टी वापरली. पाच मिनिटांच्या आत अगदी पुसट गुलाबी रेष उमटली. खात्री करावी म्हणून त्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा केली, तर काहीच नाही. मधे सर्दी-खोकल्यासाठी अँटिबायोटिक चालू होतं. पाळी अजून आलेली नाही. यातली कुठली पट्टी खरी मानू?

*

34व्या दिवशी सकाळची पट्टी खरी माना. रेष वेळेत उमटली, तिला रंग होता, एवढं पुरेसं आहे. ती पुसट होती म्हणून ती अर्धीमुर्धी ठरत नाही. बहुधा तुम्हाला दिवस गेले आहेत आणि ते अगदी कोवळे आहेत. कचऱ्यातल्या पट्टीवरची राखाडी रेष विसरून जा. संध्याकाळच्या कोऱ्या पट्टीने सकाळचं उत्तर खोडलं जात नाही. आता दोन दिवस थांबून 36व्या दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीवर त्याच कंपनीच्या नव्या पट्टीने पुन्हा टेस्ट करा. अँटिबायोटिकचा या सगळ्याशी काही संबंध नाही.

आता असं का म्हणते ते सांगते, कारण ते कळलं की पुढची पट्टी तुमची तुम्हालाच नीट वाचता येईल.

ही पट्टी लघवीतलं एचसीजी नावाचं संप्रेरक शोधते. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला लागला की त्याच्या बाहेरच्या पेशी, ज्यांची पुढे वार होते, त्या हे संप्रेरक तयार करू लागतात. ते आधी रक्तात येतं आणि मग लघवीत उतरतं. पट्टीच्या ज्या भागात लघवी शोषली जाते तिथे रंगाचे बारीक कण चिकटवलेल्या अँटिबॉडी सुकवून ठेवलेल्या असतात. लघवी पट्टीतून पुढे सरकते तशा त्या सुटतात आणि तिच्याबरोबर निघतात. वाटेत एचसीजी भेटलं तर त्याला धरून ठेवतात. पुढे ‘टी’च्या जागी दुसऱ्या अँटिबॉडी पक्क्या बसवलेल्या असतात, त्या एचसीजीचं दुसरं टोक पकडतात. एचसीजी असं दोन्हीकडून धरलं गेलं की त्याच्यासोबत आलेला रंगही तिथेच अडकतो. अडकलेला हा रंग म्हणजेच तुम्हाला दिसलेली रेष.

त्याच्या पुढची ‘सी’ रेष एचसीजी असो वा नसो, उमटतेच. उरलेल्या रंगीत अँटिबॉडी ती पकडते आणि लघवी पट्टीभर नीट पोहोचली एवढंच सांगते. ती आलीच नाही तर पट्टी बाद समजायची, मग ‘टी’च्या जागी काहीही दिसो. पण ‘सी’ ठळक आणि ‘टी’ फिकी आहे म्हणून बायका घाबरतात, तसं घाबरायचं कारण नाही. त्या दोन रेषांची तुलनाच होत नाही.

म्हणजे ‘टी’ रेषेचा गडदपणा हा अडकलेल्या संप्रेरकाच्या प्रमाणावर ठरतो. थोडं असेल तर थोडाच रंग अडकतो. घरगुती पट्ट्यांपैकी पुष्कळशा एका मिलिलिटरमागे 25 मिलि-इंटरनॅशनल युनिट एचसीजी असेल तर ते ओळखतील अशा बनवलेल्या असतात. पुढे मी नुसतं ‘युनिट’ म्हणेन. काही जास्त संवेदनशील पट्ट्या 10 युनिटलाही रेष दाखवतात. लघवीतलं प्रमाण या उंबरठ्याच्या खाली असेल तर गर्भ असूनही पट्टी कोरी राहते, उंबरठ्याच्या आसपास असेल तर पुसट रेष येते. तुमच्या तिन्ही पट्ट्यांचं कोडं इथेच सुटतं, फक्त तुमच्या पाळीचं गणित त्याच्याशेजारी ठेवावं लागेल.

पाळी लांबते ती बहुतेक वेळा पहिल्या टप्प्यामुळे. पाळी सुरू झाल्यापासून स्त्रीबीज बाहेर पडेपर्यंतचे दिवस कमीजास्त होतात, पण बीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचे दिवस बऱ्यापैकी ठरलेले, साधारण 14 असतात. ज्या महिन्यात तुमची पाळी 28 दिवसांची असते त्या महिन्यात बीज 14व्या दिवसाच्या सुमारास सुटतं. 33 दिवसांची असते तेव्हा ते 19व्या दिवसाच्या सुमारास सुटतं. या महिन्यात तसंच झालं असावं असं मी धरते, कारण मग सगळं जुळतं.

19व्या दिवशी बीज सुटलं आणि त्याच सुमारास फलन झालं. पण फलन झाल्याबरोबर पट्टीला काही कळत नाही. गर्भ बीजवाहिनीतून गर्भाशयात यायला आणि रुजायला वेळ लागतो. बीज सुटल्यापासून रुजेपर्यंत 6 ते 12 दिवस जातात, बहुतेकींच्या बाबतीत 8 ते 10. आपण 10 धरू. म्हणजे गर्भ रुजायला लागला 29व्या दिवशी. तुम्ही पहिली टेस्ट केलीत 30व्या दिवशी. तुमच्या हिशोबाने पाळी एक दिवस चुकली होती, शरीराच्या हिशोबाने मात्र ती यायला अजून चार दिवस होते आणि गर्भाने अस्तराला धरून जेमतेम एक दिवस झाला होता.

सुरुवातीच्या त्या दिवसांत एचसीजी झपाट्याने वाढतं, साधारण दीड दिवसात दुप्पट. पुढे हा वेग मंदावून दोन ते तीन दिवसांत दुप्पट होतो. समजण्यापुरते गोल आकडे धरूया. 30व्या दिवशी 4 युनिट. 32व्या दिवशी 10. 34व्या दिवशी 26. आता 25चा उंबरठा आठवा. 30व्या दिवशी तो लांब होता, म्हणून एकच रेष आली. 34व्या दिवशी सकाळी तो नुकता ओलांडला, म्हणून पुसट रेष आली. हे आकडे तुमचे नाहीत, तुमच्या रक्ताची तपासणी मी केलेली नाही. पण पहिली टेस्ट ‘निगेटिव्ह’ येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच आहे. टेस्ट चुकत नाही, ती लवकर केलेली असते. पाकिटावर ‘पाळी चुकल्याच्या पहिल्या दिवसापासून’ असं लिहिलेलं असतं, ते नियमित पाळी असलेल्यांना लागू पडतं. पाळी मागेपुढे होणारीला ‘चुकल्याचा पहिला दिवस’ नेमका सांगताच येत नाही. तिने संबंधाच्या तारखेपासून मोजावं. शेवटच्या संबंधानंतर 21 दिवस उलटले आणि तरीही पट्टी कोरी असेल, तर त्या उत्तरावर भरवसा ठेवता येतो.

आता त्याच दिवशीची संध्याकाळ. सकाळी 26 असलेलं संप्रेरक संध्याकाळी रक्तातून नाहीसं झालेलं नसतं. झालं ते असं, की लघवी पातळ झाली. रात्रभर मूत्राशयात साठलेली लघवी घट्ट असते. दिवसभरात आपण पाणी, चहा, ताक पीत राहतो आणि वरचेवर लघवीला जातो. टेस्टसाठी लघवी यावी म्हणून दोन पेले पाणी मुद्दाम पिणाऱ्याही खूप असतात. त्या पाण्याने प्रमाण एकतृतीयांशावर आलं तर 26चे 9 उरतात, आणि 9 युनिट त्या पट्टीला दिसत नाहीत. पाळी चुकून आठवडा-दीड आठवडा झाल्यावर प्रमाण शेकड्यांत, हजारांत गेलेलं असतं, तेव्हा दिवसाच्या कुठल्याही वेळी टेस्ट केली तरी चालते. पण उंबरठ्याशी असताना सकाळ आणि संध्याकाळ यांत एवढा फरक पडू शकतो. सकाळ चुकलीच तर चार तास लघवी न करता आणि भरमसाट पाणी न पिता थांबावं आणि मग टेस्ट करावी.

कचऱ्यातल्या पट्टीबद्दल. ‘टी’च्या जागी अँटिबॉडीची एक अरुंद पट्टी कारखान्यातच बसवलेली असते. लघवी वाळली की ती जागा आजूबाजूच्या पांढऱ्या भागापेक्षा थोडी वेगळी दिसू लागते. राखाडी, मळकट, कधी नुसती सावली पडल्यासारखी. ही वाळल्याची रेष. तिच्यात संप्रेरक नसतं, रंगही नसतो. म्हणूनच पाकिटावर वाचायची वेळ लिहिलेली असते, सहसा 3 ते 5 मिनिटं, आणि 10 मिनिटांनंतर वाचू नका अशी सूचनाही बहुतेक ठिकाणी असते. खरी रेष आणि वाळल्याची रेष ओळखायच्या दोन खुणा आहेत. खरी रेष ‘सी’ रेषेच्याच रंगाची असते, गुलाबी पट्टीवर गुलाबी, निळ्या पट्टीवर निळी, मग ती कितीही फिकी असो. आणि तिची रुंदीही ‘सी’ रेषेइतकीच असते, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सलग. केसासारखी बारीक किंवा अर्धवट रेष दिसली तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. निळ्या रंगाच्या पट्ट्यांवर ही फसगत जास्त होते, त्यामुळे शंका असेल तर गुलाबी रेषेची पट्टी वापरावी असं मी सांगते. फोनवर फोटो काढून त्याचे रंग उलटे करून, उजेड वाढवून रेष शोधायची पद्धत निघाली आहे. तिने वाळल्याची रेषही ठळक दिसते, म्हणजे नेमकी चुकीची गोष्ट मोठी होते. खिडकीशी उजेडात उभं राहून साध्या डोळ्यांनी जे दिसतं तेवढंच धरा.

अँटिबायोटिक, तापाच्या गोळ्या, सर्दीची औषधं, गर्भनिरोधक गोळ्या यांनी घरगुती टेस्टची रेष येत नाही आणि जातही नाही. अपवाद आहे तो एचसीजीच्याच इंजेक्शनचा. वंध्यत्वाच्या उपचारात बीज सुटावं म्हणून 5000 किंवा 10000 इंटरनॅशनल युनिटचं इंजेक्शन देतात, ते 10 ते 14 दिवस लघवीत सापडू शकतं. असं इंजेक्शन घेतलेल्या स्त्रीला दिसलेली पुसट रेष औषधाची असू शकते. नुकताच गर्भपात किंवा बाळंतपण झालेलं असेल तरी काही आठवडे रेष येत राहते. तुमच्या पत्रात यातलं काही नाही.

आता 36व्या दिवशीची पट्टी. गणित तसंच चाललं तर प्रमाण 26वरून 60च्या पुढे गेलेलं असेल आणि रेष पाहायला डोळे ताणावे लागणार नाहीत. दोन दिवस थांबायला सांगते ते यासाठीच. एका दिवसात तीन टेस्ट केल्या तर त्यांच्यातला फरक संप्रेरकाचा नसून पाण्याचा, उजेडाचा आणि पट्टीपट्टीतल्या उन्नीस-बीसाचा असतो, आणि तो फरक पाहून माणूस उगीच आशेवर किंवा निराशेवर जातो. कंपनी बदलू नका, कारण उंबरठा बदलला की आधीच्या पट्टीशी तुलना करता येत नाही. पट्टीची मुदत तपासा. पाकीट फोडल्यावर लगेच वापरा, कारण दमट हवेत उघडी राहिलेली पट्टी नीट चालत नाही. लघवीत बुडवताना खुणेच्या वर बुडवू नका, आणि पट्टी सपाट ठेवून घड्याळ लावा.

रेष ठळक झाली तर नोंदणीसाठी डॉक्टरांकडे जा. त्यांना शेवटच्या पाळीची तारीख सांगाल तेव्हाच हेही सांगा, की पाळी 33-34 दिवसांपर्यंत लांबते आणि 30व्या दिवसाची टेस्ट कोरी होती. हे महत्त्वाचं आहे. कॅलेंडरप्रमाणे 34व्या दिवशी जवळजवळ पाच आठवडे होतात, पण बीज उशिरा सुटलं असेल तर गर्भ खरा चारच आठवड्यांचा धरला पाहिजे. या तारखांवर घाईने सोनोग्राफी केली तर गर्भाची पिशवी दिसत नाही, आणि ‘काही दिसत नाही’ हे ऐकून किती बायका रडत बाहेर येतात ते मी पाहिलं आहे. दिसत नव्हतं कारण दिसायची वेळ झाली नव्हती. आठवडा-दहा दिवसांनी केलेल्या सोनोग्राफीत त्यातल्या अनेकींना पिशवीही दिसली आणि पुढे ठोकेही.

रेष तशीच पुसट राहिली किंवा आणखी फिकी झाली, तर मात्र घरच्या पट्ट्या थांबवा आणि रक्तातलं बीटा एचसीजी मोजून घ्या. पट्टी फक्त ‘आहे की नाही’ सांगते, रक्ताची तपासणी आकडा देते. 5च्या खाली असेल तर गर्भ नाही, 25च्या वर असेल तर आहे, मधला आकडा संशयास्पद. पण एकटा आकडा फार काही बोलत नाही. 48 तासांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासलं की तो कुठे चालला आहे ते कळतं. सुरुवातीच्या दिवसांत निरोगी गर्भात हा आकडा दोन दिवसांत निदान दीडपट होतो, बहुतेकींचा त्याहून बराच जास्त वाढतो.

आकडा खाली येत गेला आणि पाळीसारखा रक्तस्राव सुरू झाला, तर गर्भ रुजला होता पण टिकला नाही असा त्याचा अर्थ. अशा फार लवकरच्या गर्भपातात रेष दोन-चार दिवस पुसट राहते आणि मग पाळी थोडी उशिरा, कधी थोडी जास्त येते. टेस्ट केलीच नसती तर ती उशिरा आलेली पाळीच वाटली असती. जिने रेष पाहिली तिला मात्र दुःख होतंच, आणि ते खोटं नसतं. हे गर्भात मुळातच राहिलेल्या दोषामुळे बहुतेकदा होतं. तुम्ही घेतलेल्या अँटिबायोटिकने, जिने चढल्याने किंवा प्रवासाने ते होत नाही.

आकडा वाढतो आहे पण रखडत वाढतो आहे, तर गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुतेक वेळा बीजवाहिनीत, रुजला असण्याची शंका घ्यावी लागते. शंभरात एक-दोन गर्भारपणांत असं होतं, आणि रेष कित्येक दिवस पुसटच राहणं ही त्याची एक खूण असू शकते. ओटीपोटात एका बाजूला दुखत राहणं, खांद्याच्या टोकाशी कळ येणं, चक्कर येणं, घेरी येऊन पडणं, थोडा थोडा काळपट रक्तस्राव होणं, यातलं काहीही झालं तर पट्टी काय म्हणते ते पाहत बसू नका, 36व्या दिवसाची वाटही पाहू नका. त्याच घटकेला रुग्णालयात जा, रात्र असली तरी. पट्टी कोरी असली तरीही जा, कारण अशा गर्भात संप्रेरक कमी असल्याने पट्टी फसू शकते.

तुमच्या बाबतीत लागू नाही, पण हे पत्र वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागू पडेल म्हणून एक गोष्ट लिहिते. पाळी चुकून दीड-दोन महिने झाले आहेत, मळमळ आहे, स्तन जड झाले आहेत, आणि पट्टी मात्र कोरी किंवा पूर्वीपेक्षा फिकी. इथे लघवीत संप्रेरक कमी नसतं, फार जास्त असतं. साधारण 8 ते 11 आठवड्यांच्या सुमारास ते शिगेला पोहोचतं. ते इतकं होतं की रंगीत अँटिबॉडीही भरून जातात आणि ‘टी’वरच्या पक्क्या अँटिबॉडीही सुट्या एचसीजीने भरतात. मग दोन्हीकडून धरणारी जोडी जमतच नाही आणि रंग अडकत नाही. शिवाय या आठवड्यांत लघवीत एचसीजीचे मोडलेले तुकडे खूप असतात. ते एका अँटिबॉडीची जागा अडवतात, पण दुसरीला धरता येत नाहीत. जुळी असताना किंवा द्राक्षगर्भ असताना, म्हणजे वारेच्या पेशी द्राक्षाच्या घडासारख्या बेसुमार वाढलेल्या असताना, संप्रेरक फार वाढल्याने अशी फसगत होऊ शकते. लघवीत दहापट पाणी मिसळून टेस्ट केली की कधीकधी रेष उमटते. पण घरी हा प्रयोग करत बसण्यापेक्षा दोन महिने पाळी नाही आणि पट्टी कोरी, एवढं कारण सोनोग्राफीसाठी पुरेसं आहे.

36व्या दिवसापर्यंत तुम्ही स्वतःला गरोदर समजूनच वागा. अँटिबायोटिक ज्यांनी दिलं त्यांना फोन करून रेष आल्याचं सांगा आणि तेच औषध चालू ठेवायचं की बदलायचं ते विचारा, मनाने बंद करू नका. दुखलं-खुपलं तर आयब्युप्रोफेन घेऊ नका, पॅरासिटामॉल चालेल. रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आजपासून सुरू करा, कारण बाळाच्या मज्जारज्जूची नळी बंद होण्याचे दिवस लवकरच येतात, तोवर अनेकींची पहिली तपासणीसुद्धा झालेली नसते. आणि 36व्या दिवशी पट्टी कोरी आली, पाळीही आली नाही, तर आठवड्याभराने पुन्हा एकदा करा. तीही कोरी असेल तर पाळी का लांबली ते शोधायला डॉक्टरांकडे जा, थायरॉइड आणि पीसीओएस ही त्यांची पहिली तपासणी असेल.